एआयची आखणी आणि शेवळांची खाज

मे संपता संपता, मिरगाच्या आसपास, मुरबाड-शहापूरकडच्या बायका शेवळांच्या जुड्या घेऊन कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या बाजारात बसतात. हंगाम थोड्याच दिवसांचा असतो. शहरातल्या नव्या गिऱ्हाइकाला ही भाजी करायची कशी ते ठाऊक नसतं. म्हणून आम्ही रेडिओवर चार भाषणं करायचं आणि जुडीबरोबर द्यायला एक चिठ्ठी छापायचं ठरवलं.

एरवी अशा आखणीत दोन-तीन बैठका जातात. या वेळी आम्ही मोबाइलवरच्या एआयची मदत घेतली. आम्ही कोण, ऐकणारं कोण, भाजी कोणती, ती बाजारात कधी येते आणि आठवडे किती, हे सगळं मराठीत बोलून सांगितलं. भाषणं लिहून नकोत, कुठल्या आठवड्यात काय बोलायचं आणि कुणाला काय विचारायचं एवढीच यादी हवी, असंही सांगितलं. यादी लगेच मिळाली. पहिल्या आठवड्यात ओळख, दुसऱ्यात साफ करणं, तिसऱ्यात भाजी, चौथ्यात गिऱ्हाइकांचे प्रश्न. क्रम चांगला होता, तो आम्ही ठेवला.

घोळ झाला तो पुढे. आमच्यातल्या एकीने घाईत भाजीची कृतीही मागितली. आलेली कृती वाचायला सुरेख होती. शेवळं धुऊन चिरा, तेलात कांदा-लसूण परता, वाफ आणा, वर खोबरं घाला. पण तिच्यात काकडांचं नावच नव्हतं! शेवळं सुरणाच्या जातीतली. त्यांत सुईसारखे अतिशय बारीक स्फटिक असतात, म्हणून ती नीट केली नाहीत तर जीभ आणि घसा खाजतो. ती चिठ्ठी तशीच छापली असती तर गिऱ्हाइकाचा घसा धरला असता आणि ते परत आलं नसतं.

असं का होतं? एआयने शेवळं ना चिरलीत ना खाल्लीत. पुष्कळ लिखाण वाचून शब्दांमागे कोणते शब्द येतात ते त्याने ओळखलेलं असतं. पालेभाज्यांवर ढीगभर लिखाण आहे, शेवळांवर थोडं. मग रिकामी जागा ते पालेभाजीच्या कृतीने भरतं, आणि तेही ठामपणे. हे ओळखायची आमची एक खूण आहे. शेवळाच्या जागी मेथी म्हणून वाचून पाहायचं. तरीही वाक्य जुळलं, तर त्यात शेवळांविषयी काहीच सांगितलेलं नाही असं समजायचं.

मग आम्ही पाड्यावरच्या एका आजींकडे गेलो. त्यांची परवानगी घेऊन बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित केलं. हाताला तेल लावायचं. वरचं आवरण सोलायचं. आतल्या दांड्याचा खालचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा. उरलेलं बारीक चिरून चांगलं शिजवायचं आणि त्यात काकडांचा आंबट रस घालायचा. काकडं नसली तर चिंच. दुसऱ्या दिवशी आम्ही तशी भाजी करून खाल्ली, आणि मगच चिठ्ठी लिहिली.

चित्राचंही तसंच. एआयने काढलेली जुडी देखणी होती, पण ती शेवळं नव्हती. रानभाजी लोक फोटो पाहून ओळखतात, तेव्हा चुकीचं चित्र पाहून कुणी भलतंच काही खुडून आणेल. आम्ही टोपलीतल्या जुडीचा फोटो काढला. आजींच्या आवाजासारखा आवाज बनवून घेणंही नको म्हटलं. आवाज त्यांचा असेल तर शब्दही त्यांचेच हवेत.

आता सांगायचं किती? यूट्यूबने मार्च २०२४ मध्ये नियम आणला. खरं वाटेल असं दृश्य किंवा आवाज एआयने बनवला असेल, तर व्हिडिओ टाकताना तसं नोंदवायचं. नुसती कल्पना किंवा मजकुराची आखणी करायला मदत घेतली असेल, तर नोंद सक्तीची नाही. तरी आम्ही सांगतो, कारण बाजारात रोज त्याच गिऱ्हाइकाच्या समोर बसायचं असतं. भाषणाच्या सुरुवातीला आणि चिठ्ठीच्या खाली आमची ही वाक्यं असतात: "विषयांची आखणी करताना एआयची मदत घेतली. कृती पाड्यावरच्या आजींनी सांगितली, आम्ही करून खाल्ली. फोटो आमचा."

नुसतं "एआयच्या मदतीने" एवढं लिहिलं, तर कृतीही त्याचीच वाटेल. म्हणून कुठे मदत घेतली आणि कुठे नाही, हे दोन्ही लिहायचं. आणि चिठ्ठीतली जी ओळ कुणी करून पाहिलेली नाही, ती छापायच्या आधी खोडायची.