बसवलेला गुडघा ठेवायचा की काढायचा?

अडुसष्ट वर्षांच्या एका बाईंचा गुडघा बदलला आहे असे समजू. सोळाव्या दिवशी टाक्यांच्या एका कोपऱ्यातून पाण्यासारखा स्राव येऊ लागतो, गुडघा गरम लागतो. बहुतेक घरांत अशा वेळी जवळच्या डॉक्टरांकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या जातात. स्राव कमी होतो आणि सगळ्यांना हायसे वाटते. माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. आतले जंतू मरत नाहीत, पण पुढे गुडघ्यातले पाणी तपासायला घेतले तर कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. शिवाय हातातले मोलाचे दिवस निघून जातात.

हे दिवस मोलाचे का, ते जंतूंच्या वागण्यात आहे. स्टॅफिलोकॉकस हा जंतू धातूला आणि प्लॅस्टिकला चिकटतो आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतो, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला धरणाऱ्या शेवाळासारखा. त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरात खोलवर बसलेले जंतू जवळजवळ वाढतच नाहीत आणि बहुतेक अँटिबायोटिक्स वाढत्या जंतूंवरच चालतात. पहिल्या काही आठवड्यांत हा थर कोवळा असतो, धुऊन काढता येतो. पुढे तो पक्का झाला की धातूच काढावा लागतो.

म्हणून या बाईंना गोळ्यांआधी सर्जनकडे न्यायला हवे. शस्त्रक्रियेनंतर रक्तातला सीआरपी दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचतो आणि मग उतरत जातो. उतरलेला पुन्हा चढला तर शंका घ्यावी. सुईने काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरला दहा हजारांच्या वर गेल्या, तर इतक्या लवकरच्या काळात संसर्गाची शक्यता दाट होते.

सांधा घट्ट बसलेला आहे, त्रास तीन आठवड्यांच्या आतला आहे, बाहेर फुटलेला नासूर नाही आणि वरची कातडी शाबूत आहे, तर तो वाचवायचा प्रयत्न करता येतो. त्यासाठी गुडघा पुन्हा पूर्ण उघडावा लागतो. दुर्बिणीतून नुसते धुऊन भागत नाही. सडका भाग कापून काढतात, कित्येक लिटर सलाइनने धुतात आणि दोन धातूंमधली प्लॅस्टिकची चकती बदलतात. ती काढल्याशिवाय मागची बाजू साफच होत नाही. वेगवेगळ्या जागांचे पाच-सहा तुकडे कल्चरला जातात.

समजा, कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला. आधी शिरेतून सेफाझोलिन सुरू होते. रिफॅम्पिसिन मात्र पहिल्या दिवशी देत नाहीत. टीबीच्या उपचारातून आपल्या ओळखीचे झालेले हे औषध बायोफिल्ममधल्या सुस्त जंतूंनाही मारते, पण जंतूच्या एका जनुकातला एकच बदल त्याला निकामी करायला पुरतो. कोट्यवधी जंतूंमध्ये असा एखादा आधीच असतो. म्हणून ते एकटे कधीच देत नाहीत. जंतूंची संख्या शस्त्रक्रियेने घटली, नळी निघाली आणि जखम कोरडी झाली की ते जोडतात. पुढे सोबतीला बहुधा लेव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या असतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत सहा आठवड्यांपेक्षा बारा आठवड्यांचे उपचार सरस ठरले आणि सांधा जागेवर ठेवलेल्या रुग्णांत हा फरक सर्वांत जास्त होता.

लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. घाबरावे ते मळमळ आणि डोळ्यांतल्या पिवळेपणाला, कारण यकृतावर ताण आलेला असू शकतो. रिफॅम्पिसिन इतर औषधेही लवकर निकामी करते. वॉरफरिन घेणाऱ्याचे रक्त पुरेसे पातळ राहत नाही, मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी दाखवावी.

या जोडीवरचा विश्वास मुख्यतः 1998 मधल्या स्विस चाचणीवर उभा आहे. तीत रुग्ण होते फक्त 33. उपचार पूर्ण केलेल्यांपैकी रिफॅम्पिसिन मिळालेले बाराच्या बारा बरे झाले. न मिळालेल्या बारांपैकी सात. नॉर्वेतल्या 2020 च्या चाचणीत असा फायदा दिसला नाही, तीही लहानच होती. माझे मत असे, की औषध मदत करते, पण डाव जिंकतो तो वेळेवर आणि नीट झालेल्या सफाईमुळे.

याच बाई आठ महिन्यांनी, दुखणारा सैल गुडघा आणि वाहणारा नासूर घेऊन आल्या तर? मग गोळ्यांनी सांधा वाचवायची आशा धरू नये. तो काढावाच लागतो. जंतू ओळखीचा, औषधांना दाद देणारा आणि कातडी-हाड चांगले असेल तर त्याच बैठकीत नवा बसवता येतो. नाहीतर मध्ये अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवतात आणि काही आठवड्यांनी नवा बसवतात. मधले आठवडे फार कठीण जातात, हे आधीच सांगायला हवे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासावीच लागते. छातीत किंवा त्याच सांध्यात टीबी लपलेला असेल, तर रिफॅम्पिसिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन ही अपुरी जोडी टीबीच्या जंतूंना या औषधांविरुद्ध तयार करू शकते. म्हणून पहिली गोळी देण्याआधी छातीचा एक्स-रे काढतात, जुन्या खोकल्याची चौकशी करतात आणि ऑपरेशनमधला एक तुकडा टीबीच्या तपासणीला पाठवतात.