बटण दाबलं, पण अर्ज गेला नाही

सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरताना लाल अक्षरांत चूक दिसली, तर निदान काय सुधारायचं ते कळतं. जास्त छळतो तो दुसरा प्रकार. सगळे रकाने भरून ‘सबमिट’ दाबलं जातं आणि पडद्यावर काहीच होत नाही. ‘साइट डाउन आहे’ असं म्हणून माणूस अर्ज उद्यावर ढकलतो. पुष्कळदा साइट चालूच असते. ब्राउझरने एक खिडकी उघडू दिलेली नसते.

समजा, अर्जाचं शुल्क भरायचं आहे. बटण दाबल्यावर पैसे भरण्याचं पान नव्या खिडकीत उघडावं, अशी अर्जाची रचना आहे. जाहिरातींच्या त्रासापायी ब्राउझरनी फार पूर्वी एक नियम घालून घेतला: खिडकी उघडायची तर ती माणसाने केलेल्या क्लिकमुळेच उघडली पाहिजे. क्रोममध्ये त्या क्लिकची मुदत साधारण ५ सेकंद असते, सफारीत त्याहून कमी. आता अर्ज बनवणाऱ्याने असं केलेलं असतं की क्लिक होताच माहिती आधी सर्व्हरकडे जाईल, तिथून चलन क्रमांक येईल आणि मगच खिडकी उघडेल. कार्यालयातल्या वेगवान नेटवर हे सेकंदभरात उरकतं. गावात रेंज कमी असेल, किंवा शेवटच्या तारखेला सर्व्हरवर गर्दी असेल, तर उत्तर यायला ८-१० सेकंद लागतात. तोवर क्लिकची मुदत संपते आणि ब्राउझर ती खिडकी अडवतो. म्हणूनच तोच अर्ज एकाकडे चालतो आणि दुसऱ्याकडे चालत नाही.

हे ओळखणं सोपं आहे. संगणकावर क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला लहानशा खिडकीवर फुलीचं चिन्ह येतं. त्यावर क्लिक करून त्या एका साइटला कायमची परवानगी द्यायची. सगळ्या साइटना देण्याची गरज नाही. फायरफॉक्समध्ये तशीच सूचना पानाच्या वर पट्टीत येते. चिन्ह दिसलं नाही, तर जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेन्शन आहे का ते पाहावं. ते आपल्या परीने खिडक्या अडवतं आणि त्याला परवानगी वेगळी द्यावी लागते. खरं तर पैसे भरण्याचं पान त्याच खिडकीत उघडलं असतं, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. हे काम अर्ज बनवणाऱ्याचं आहे, शेतकऱ्याचं किंवा पेन्शनरचं नव्हे.

कॅप्चाचा घोळ वेगळा असतो. अक्षरं बरोबर टाकूनही ‘Invalid Captcha’ येतं, तेव्हा दोष बहुधा नजरेचा नसतो. चित्राचं उत्तर सर्व्हर आपल्या सत्रात जपून ठेवतो, आणि बऱ्याच साइटवर एका सत्रात एकच उत्तर राहतं. तीच साइट दुसऱ्या टॅबमध्ये उघडली की नवं चित्र तयार होतं आणि पहिल्या टॅबमधल्या चित्राचं उत्तर पुसलं जातं. ‘बॅक’ दाबून मागे आलं तरी डोळ्यांसमोर जुनं चित्र आणि सर्व्हरकडे नवं उत्तर, असं होऊ शकतं. म्हणून एकच टॅब ठेवावा, अर्ज पूर्ण भरून झाल्यावर चित्राशेजारच्या गोल बाणाने नवं चित्र मागवावं आणि लगेच सबमिट करावं. तरीही दरवेळी तीच चूक येत असेल, तर त्या साइटच्या कुकी बंद आहेत का ते तपासावं. त्यांच्याशिवाय सर्व्हरला आपलं सत्र ओळखताच येत नाही.

मोबाइलवर आणखी एक खोच असते. कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो किंवा सुचवलेल्या शब्दापुढे जागा सोडतो. मराठी कीबोर्ड चालू राहिला, तर ५ हा आकडा देवनागरीत पडतो, आणि संगणकाच्या लेखी ५ आणि 5 ही दोन निराळी चिन्हं आहेत.

खिडकी अडलेली नाही, कॅप्चाही बरोबर आहे आणि तरी बटण गप्प, असं झालं तर संगणकावर F12 दाबून Console उघडावं आणि सबमिट पुन्हा दाबून पाहावं. तिथे कधी कधी ही ओळ सापडते:

```
An invalid form control with name='...' is not focusable.
```

याचा अर्थ एक सक्तीचा रकाना रिकामा आहे, पण तो पानावर लपलेला आहे. त्यामुळे ब्राउझर अर्ज पुढेही सोडत नाही आणि कुठे अडलं तेही दाखवू शकत नाही. आधीच्या एखाद्या पर्यायात ‘हो’चं ‘नाही’ केल्यावर जो रकाना दिसेनासा झाला, तोच बहुधा हा असतो. पर्याय परत ‘हो’ करून रकाना उघडला की उलगडा होतो. तिथे खोटी माहिती भरू नये; ओळीचा स्क्रीनशॉट हेल्पडेस्कला पाठवावा, कारण दुरुस्ती त्यांच्याच हातात असते.

जुनी काही पानं मुळात इंटरनेट एक्सप्लोररसाठी लिहिलेली आहेत. मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर जून २०२२मध्ये निवृत्त केला, पण विंडोजवरच्या एजमध्ये त्याची जुनी पद्धत चालू करण्याची सोय आहे. अशी पानं फोनवर उघडत बसण्यात अर्थ नाही.

बटण दुसऱ्यांदा दाबण्याआधी मात्र खात्यातून पैसे गेले का ते पाहावं. खिडकी अडलेली असेल तर पैसे गेलेले नसतात. पैसे भरल्यानंतर पान अडकलं असेल, तर रक्कम कापली जाऊनही पावती येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या ‘ग्रास’वर चलन केलं असेल, तर त्याचा जीआरएन क्रमांक आधीच टिपून ठेवावा आणि Search Challan मध्ये तो टाकून स्थिती पाहावी, त्याआधी नवं चलन काढू नये.