शिलाई मशीनचा दिवा

इचलकरंजीतल्या एका चौथीतल्या मुलीने दिवाळीपासून खाऊचे पैसे साठवायला सुरुवात केली. घरातून आठवड्याला 20 रुपये मिळायचे, त्यातले 10 ती प्लास्टिकच्या डब्यात टाकायची. मार्चच्या मध्यापर्यंत असे 180 रुपये झाले. भाऊबीजेला मामाने दिलेली 100 रुपयांची नोट आधीपासून डब्यात होतीच. मधे एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला 25 रुपये गेले. उरले 255. या पैशांतून आईच्या वाढदिवसाला आईसाठी काहीतरी घ्यायचं, हे तिने मनाशी ठरवलं होतं. काय घ्यायचं, ते मात्र ठरत नव्हतं.

‘काय घ्यायचं’ हा प्रश्न लहान मुलासाठी किती अवघड असतो, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लेवेल यांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एक साधा प्रयोग आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर खेळण्यातला ट्रक, बाहुली, नेकटाय, बायकांचे रेशमी मोजे आणि मोठ्यांचं पुस्तक अशा वस्तू ठेवल्या आणि विचारलं, यातलं आईला काय द्याल, बाबांना काय द्याल? सगळ्यांत लहान मुलांनी बरेचदा स्वतःला आवडलेली वस्तूच उचलली. सहा वर्षांच्या मुलांची निवड मात्र मोठ्यांना शोभेल अशी होती.

पुढे 2010 साली ओटावा विद्यापीठातल्या क्रिस्टिना अटान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. तीन वर्षांच्या मुलाला आधी त्याची स्वतःची आवडती वस्तू मिळाली, तर त्यानंतर आईसाठी तो बराच योग्य निवड करतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे आईची आवड मुलाला अगदीच कळत नसते असं नाही, त्याच्या स्वतःच्या इच्छेचा जोर तेव्हा जास्त असतो.

आपली मुलगी तीन वर्षांची नव्हती. आईला बाहुली नको असते, हे नऊ वर्षांच्या मुलीला पक्कं ठाऊक असतं. या वयातला अडथळा निराळाच, आणि माझ्या मते जास्त चिवट. दुकानात ‘आईसाठी’ म्हणून मांडलेल्या वस्तू तिला दिसतात: लाल बदाम छापलेला मग, चमकीचं फूल, ‘मॉम’ लिहिलेली फ्रेम. या वस्तू कुठल्याही आईला चालतात. तिनेही पहिल्यांदा मगच हेरून ठेवला होता. किंमत 180, म्हणजे डब्यातल्या पैशांत बसणारी. पण तिची आई चहा बशीत ओतून पिते. मग तसाच फडताळात पडून राहिला असता.

हे तिच्या मावशीच्या लक्षात आलं होतं. तरी मावशीने ‘मग नको’ असं म्हटलं नाही. एवढंच विचारलं, “आई दिवसभर काय काय करते, ते आठवडाभर बघशील का? कशावर वैतागते, तेवढंच मला सांग.”

आई घरी ब्लाऊज शिवते. मशीन जुनं, काळं, बिडाचं, खिडकीपाशी ठेवलेलं. मुलीने पहिल्या दिवशी सांगितलं ते असं, की आई संध्याकाळी तिलाच हाक मारते, “बाळा, एवढा दोरा ओवून दे गं.” दुसऱ्या दिवशी सांगितलं, की काळ्या कापडाचं काम आई सकाळसाठी बाजूला ठेवते. तिसऱ्या दिवशी आईने उलटी पडलेली टीप उसवली आणि कपाळाला हात लावला. मुलीला या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटत होत्या. खरं तर कारण एकच होतं. खोलीतला दिवा आईच्या पाठीमागे, भिंतीवर. ती मशीनवर वाकली की तिच्याच डोक्याची सावली सुईवर पडायची. त्यात चाळिशीनंतर जवळचं पाहणारी नजर मंदावते, म्हणून दोरा ओवायला जास्तच उजेड लागतो. काळ्या कापडावर काळा दोरा असेल तर पाचशे टाके घातलेल्या डोळ्यांनाही टीप दिसत नाही.

“मशीनला दिवा असतो का गं?” हा प्रश्न मुलीनेच विचारला.

असतो. शिलाईचं साहित्य विकणाऱ्या दुकानात छोटा एलईडी दिवा मिळतो. वाकणारी मान आणि बुडाला लोहचुंबक. घेताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे मशीनचं अंग लोखंडी आहे ना. नव्या मशीनांपैकी काहींचं अंग ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं असतं, त्यांना चुंबक चिकटत नाही. मुलीने फ्रिजवरचा शोभेचा चुंबक काढून गुपचूप आईच्या मशीनला लावून पाहिला. चिकटला. दुसरी गोष्ट वायरची. मशीनपासून प्लगपर्यंतचं अंतर तिने सुतळीने मोजलं, कारण आईची टेप उचलली असती तर बातमी फुटली असती.

दुकानात जाण्याआधी वाटेत कटलरीचं दुकान लागलं. तिथल्या निळ्या क्लिपवर तिची नजर दोनदा गेली. मावशी म्हणाली, “आधी ती घे.” 20 रुपये गेले. अटान्सबाईंचा अभ्यास मावशीने वाचलेला नव्हता. क्लिप केसांत लागल्यावर मुलगी पुढच्या दुकानात मात्र फक्त दिव्याबद्दल बोलत होती.

दिव्याची किंमत 190. तिने सुतळी काढून वायरीशेजारी धरली. वायर वीतभर जास्तच भरली. दुकानदाराने दिवा लावून दाखवला. अशी वस्तू दुकानातच लावून पाहावी, घरी जाऊन नव्हे. मग तिने डबा काऊंटरवर ओतला, तेव्हा दहाच्या नाण्यांचा ढीग बघून दुकानदार कुरकुरला. ही कुरकुर आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण तिला आधार नाही. दहाच्या नाण्यांच्या सगळ्या 14 नमुन्यांचं चलन वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने 2018 साली स्पष्ट केलं आहे. 2011 च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया किंवा त्याहून मोठ्या नाण्यांनी एका वेळी 1000 रुपयांपर्यंतचं देणं कायदेशीरपणे फेडता येतं. मावशीने हे शांतपणे सांगितलं आणि दुकानदाराने नाणी मोजून घेतली. लहान मुलांची बचत बहुतेक नाण्यांतच असते. ती नाकारली, तर महिनोन्‌महिने मन मारून जमवलेले पैसे खोटे असल्यासारखं त्यांना वाटतं.

डब्यात 45 रुपये परत गेले. चमकीच्या कागदालाही पैसे लागणार होते, म्हणून तिने वर्तमानपत्राच्या रंगीत पुरवणीचं पान वापरलं.

आईने खोकं उघडल्यावर पहिला शब्द काढला तो “कितीला घेतलास?” असा. आपल्याकडच्या बहुतेक आयांच्या तोंडी हेच येतं. त्यामागे काळजी असते, हे मान्य. तरी मुलाच्या कानाला ते हिशेब मागितल्यासारखं लागतं. या आईने स्वतःला लगेच सावरलं. दिवा मशीनच्या डोक्याला, सुईच्या डाव्या अंगाला लावला, मान वाकवून उजेड सुईच्या पायावर आणला आणि सकाळसाठी ठेवलेला काळा ब्लाऊज त्याच संध्याकाळी हातात घेतला. दोरा तिने स्वतः ओवला.

तुमच्या घरातलं मूल असा डबा घेऊन बसलेलं दिसलं, तर ‘आईला हे आवडेल’ असं परस्पर सांगून टाकू नका. आठवडाभर आईकडे बघायला सांगा, आणि दुकानात पैसे त्याच्याच हाताने मोजू द्या. आणि भेट तुमच्या हातात आली, तर ती कपाटात जपून ठेवू नका. त्याच दिवशी वापरायला काढा.