तापाची तारीख

गावात एकाच आळीत ताप वाढला की तो सगळ्यात आधी कळतो आशाताईंना. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते आणि घराघरातली माणसं तिच्या ओळखीची असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे मात्र वीस-तीस हजार लोकांचा भार. त्यांना दिसतात ते केंद्रावर आलेले रुग्ण, तेही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गावांतून आलेले. म्हणूनच आशाताईंचं पत्र महत्त्वाचं, आणि त्यात नेमकं काय लिहिलंय यावर पुढचं सगळं ठरतं.

पाणीटंचाईच्या भागातल्या एका गावातून असं पत्र गेलं असं समजू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातलं काहीच अनोळखी नाही.

‘प्रति, मा. वैद्यकीय अधिकारी. विषय : वरच्या आळीतील तापाच्या रुग्णांची चौकशी होणेबाबत. महोदय, वरच्या आळीत ३८ घरे, १७० माणसे आहेत. ८ ते १५ सप्टेंबर या काळात ५ घरांतील ८ जणांना ताप आला. उरलेल्या गावात याच काळात फक्त दोघांना. अंग फार दुखते, डोळ्यांच्या मागे ठणकते. तिघांच्या अंगावर पुरळ आहे, एका मुलाच्या नाकातून रक्त आले, त्याला आजच केंद्रात पाठवले आहे. सहा जणांची मलेरियाची किटवर तपासणी केली, निगेटिव्ह आली. चौघे खाजगी डॉक्टरांकडे गेले होते. नळाला आठ दिवसांनी पाणी येते. याच आळीतील एक तरुण २१ ऑगस्टला पुण्याहून आला, त्याला २२ ला ताप आला होता, आता बरा आहे. प्रत्येकाचे वय, घर व ताप सुरू झाल्याची तारीख सोबत जोडली आहे. तरी पाहणी व रक्ततपासणी व्हावी, ही विनंती. दि. १६ सप्टेंबर.’

‘डेंग्यूची साथ आली आहे’ असं या पत्रात कुठेही म्हटलेलं नाही, आणि तेच योग्य. निदान आधीच लिहिलं की वाचणाऱ्याची नजर तेवढ्यावरच अडकते. पावसाळ्याच्या शेवटी भातखाचरात राबणाऱ्यांना ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोचा संशय घ्यावा लागतो. गवतात-झुडपात काम करणाऱ्यांच्या अंगावर जळल्यासारखा काळा डाग दिसला, तर स्क्रब टायफसचा. इथे आजारी पडलेत ती लहान मुलं आणि दिवसभर घरी असणाऱ्या म्हाताऱ्या बायका. म्हणजे कारण शेतात नसून घरात किंवा दाराशी असण्याची शक्यता जास्त.

जोडलेल्या यादीतला सगळ्यात मोलाचा रकाना ताप सुरू झाल्याच्या तारखेचा. बरेचदा तिथे रुग्ण भेटल्याची तारीख पडते आणि यादीचा अर्धा उपयोग संपतो. डेंग्यूच्या विषाणूतलं एनएस-१ हे प्रथिन साधारण पहिल्या पाच दिवसांत रक्तात सापडतं. त्यानंतर शरीरानं तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडं शोधावी लागतात. चुकीच्या दिवशी चुकीची चाचणी केली तर डेंग्यू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. इथे चौघांचा ताप १२ तारखेनंतरचा, त्यांची एनएस-१ तपासणी करायची. बाकीच्या चौघांची आणि बऱ्या झालेल्या त्या तरुणाची आयजीएम.

तारखांमधून आणखी एक गोष्ट उलगडते. तरुणाचा ताप २२ ऑगस्टचा, पुढचा रुग्ण ८ सप्टेंबरचा. मधे सतरा दिवस कुणीच नाही. डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला एडिस डास लगेच दुसऱ्याला आजार देत नाही. विषाणू त्याच्या शरीरात वाढायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. मग ज्याला तो चावतो, त्याला ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. सतरा दिवसांचं अंतर या हिशेबात चपखल बसतं. हा पुरावा नव्हे, पण चौकशी कुठून सुरू करायची ते कळतं. बऱ्या झालेल्या माणसाबद्दलही विचारायला हवं ते यासाठीच.

मग आरोग्य सेवक आणि सिस्टर घरोघरी जातात, नवे तापाचे रुग्ण शोधतात, रांजण, बॅरल, हौद, टायर टॉर्च मारून बघतात. ३८ पैकी १४ घरांत अळ्या सापडल्या, तर शंभरात जवळपास सदतीस घरं दूषित. धूरफवारणीची मागणी गावकरी लगेच करतात, पण धुरानं मरतात ते उडते डास, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून भांडी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घराला पाणी ओता असं सांगणं मात्र क्रूर आहे. तिथे टाकीला घट्ट झाकण किंवा कापड, हौदात गप्पी मासे, आणि नळ येण्याच्या आदल्या दिवशी भांडी घासणं, एवढंच शक्य असतं. पत्रातलं पाण्याबद्दलचं ते एक वाक्य नसतं, तर ही सोय कुणी सुचवली नसती.

पाहणी झाल्यावरही आशाताईंनी पुढचे काही आठवडे यादी पाठवत राहायची असते, नवा रुग्ण नसला तरी. ‘या आठवड्यात ३८ घरे पाहिली, नवा ताप नाही’ असं लिहिलेलं असलं की डॉक्टरांना कळतं, आळीत ताप खरंच थांबलाय. कागद आलाच नाही, तर ताप थांबला की भेटी थांबल्या, हे सांगता येत नाही.