मधल्या रकान्यात अडकलेलं कार्ड

पहिल्या ग्रुप प्रोजेक्टच्या बोर्डवर तीन रकाने पुरतात: करायचं, चालू, झालं. घोळ होतो तो मधल्यात. समजा, चौघांनी ग्रंथालयाचं ॲप घेतलंय आणि 'डेटाबेस' एवढंच लिहिलेल्या कार्डावर चौघांचीही नावं आहेत. ते आठवडेच्या आठवडे हलत नाही, कारण ते कुणाचंच नसतं. त्याचे तुकडे करावेत: 'पुस्तकांचा तक्ता बनवणे', 'उशिराचा दंड काढणे'. काम दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच, आणि नाव एकाचंच. मदतीला कितीही जण असोत. शुक्रवारच्या आढाव्यात 'जवळजवळ झालंय' हे उत्तर (ते हमखास येतं) चालवून घेऊ नये. दंडाचा आकडा स्क्रीनवर दाखवला, तरच कार्ड 'झालं'मध्ये सरकवायचं. अडलं असेल, तर गटप्रमुखाने कारण कार्डावरच लिहावं: 'तक्ता तयार नाही, म्हणून दंड थांबला.' मग पुढच्या आठवड्याचं पहिलं काम तक्त्याचं.