पगारवाढीची अर्ध्या तासाची बैठक

साड्यांच्या बहुतेक दुकानांत पगारवाढ एका वाक्यात उरकते. महिन्याच्या पाच-सात तारखेला गल्ल्यावरून पाकीट देताना मालक म्हणतात, "या महिन्यापासून पाचशे वाढवलेत हं." पाचशेच का, कशाबद्दल, आणि पुढच्या वर्षी आणखी मिळायचे असतील तर काय करायचं, यातलं काहीच बोलणं होत नाही. काउंटरवरच्या ताई मान डोलावतात आणि चहाच्या वेळी शेजारच्या काउंटरवर किती वाढले याचा अंदाज घेतात. दुकानात पगार गुप्त राहत नसतात, हे मालकांनी धरूनच चालावं.

हे बोलणं नीट करायचं तर आधी वेळ निवडावी लागते. दिवाळीच्या तोंडावर नको, कारण तेव्हा बोनस आणि पगारवाढ यांची सरमिसळ होते. बोनस संपून जातो, वाढ दर महिन्याला येते. लग्नसराईतही कोणाला दम खायला फुरसत नसते. आषाढ मात्र सोयीचा असतो. लग्नं संपलेली, सणांची खरेदी अजून लांब, मंगळवार-बुधवारची दुपार शांत. शिवाय महाराष्ट्रात दुकानांसाठीच्या किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा महागाई निर्देशांकाप्रमाणे बदलतो. आपल्या गावाचं परिमंडळ आणि कामाचा वर्ग (कुशल, अर्धकुशल की अकुशल) पाहून नवा आकडा तपासायचाच असतो. या आकड्याच्या खाली पगार असेल तर तिथवर तो नेणं ही पगारवाढ नव्हे, ती कायद्याची बाकी आहे.

आता खरा अवघड भाग. काम मोजायचं कशावर? विक्रीच्या रकमेवर, असं उत्तर चटकन येतं आणि तिथेच अन्याय सुरू होतो. शालू-पैठणीच्या काउंटरवर एका बिलात जेवढी रक्कम होते, तेवढी रोजच्या वापराच्या साड्यांच्या काउंटरवर अख्ख्या दुपारीही होत नाही. ज्याला दाराजवळचा काउंटर मिळाला त्याच्याकडे गिऱ्हाईक जास्त. म्हणून बसलेल्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी बिल केलं, हे पाहणं जास्त रास्त. चार बायका एकत्र आल्या तर ते एकच गिऱ्हाईक धरायचं. काउंटरवर एक वही ठेवायची. गिऱ्हाईक बसलं की एक रेघ, बिल झालं की त्या रेघेवर फुली. यासाठी कसलंही यंत्र लागत नाही, फक्त रेघ ओढायला विसरता कामा नये.

एक सावधगिरी मात्र हवी. पंधरा दिवसांच्या नोंदीत तीन-चार टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. दिवाळीत तर लोक घ्यायचं ठरवूनच येतात, त्यामुळे तो आकडा आपोआप चढतो. म्हणून तुलना करायची ती दोन-तीन महिन्यांची, आणि गेल्या वर्षीच्या त्याच हंगामाशी.

उदाहरण म्हणून एक काउंटर घेऊ. चार वर्षं दुकानात असलेल्या या ताईंना महिना १६,००० रुपये आहेत. दिवसाला सरासरी २० गिऱ्हाइकं, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ५२० गिऱ्हाइकं. गेल्या वर्षी शंभरातली ३५ बिल करून जात, यंदा ४० जातात. म्हणजे महिन्याला २६ बिलं जास्त. सरासरी बिल १,५०० रुपयांचं धरलं तर ३९,००० रुपयांची जादा विक्री. त्यावर २५ टक्के सुटतात असं मानलं तर ९,७५० रुपये. हे सगळंच श्रेय ताईंचं नाही, मालही चांगला आला असेल. पण वाढ परवडते की नाही, या प्रश्नाचं उत्तर आता हवेत राहिलेलं नाही.

आता वाढ दोन भागांत मांडायची. वर्षात महागाई पाच टक्के वाढली असेल तर त्याचे ८०० रुपये. एवढे दिले की ताईंना गेल्या वर्षीइतकाच बाजार आणता येतो, त्यात बक्षीस काही नाही. कामाचे वेगळे १,००० रुपये. नवा पगार १७,८००. आकडा पक्का करण्याआधी एकदा हजेरीपुस्तक उघडून पाहावं: यंदा घेतलेल्या नव्या मुलीला यापेक्षा जास्त दिलेत का? माणसं मिळत नाहीत म्हणून नव्याला चढा पगार द्यायचा आणि जुन्याला गृहीत धरायचं, हे फार दुकानांत चालतं. जुनी माणसं सोडून जाण्याचं माझ्या मते तेच सर्वांत मोठं कारण आहे.

बोलायला गल्ल्याजवळ नको, माळ्यावर किंवा मागच्या खोलीत बसावं. सुरुवातीलाच सांगून टाकावं, "ताई, तुमची वाढ ठरलेली आहे, शेवटी आकडा सांगतो. आज काहीही बोलणं झालं तरी ती कमी होणार नाही." हे ऐकल्याशिवाय समोरचं माणूस मोकळं होत नाही. मग पहिल्यांदा त्यांना बोलू द्यावं. "शेठ, फॉल-पिकोच्या चिठ्ठ्यांवर नंबर लिहायला जागाच नसते, म्हणून साड्यांची अदलाबदल होते," असं काहीतरी हमखास बाहेर येतं. वर्षभर ज्याबद्दल मालक ताईंवर चिडत होते, ती चूक अर्धी चिठ्ठीची निघते.

उणीव सांगताना स्वभावावर बोलू नये. "तुमचं गिऱ्हाइकाकडे लक्ष नसतं" यावर फक्त भांडण होतं. "परवा शनिवारी संध्याकाळी दोघी जणी उभ्या होत्या आणि तुम्ही घड्या घालत होता" यावर बोलता येतं. कदाचित मदतनीस रजेवर होता, हेही कळतं. अशा प्रसंगांची आठवड्याला एक-एक ओळ मालकांनी लिहून ठेवलेली असावी, चांगल्याचीही. नाहीतर डोक्यात उरतो तो शेवटचा महिना.

उद्दिष्टं तीनपेक्षा जास्त नकोत, आणि ती ताईंच्या हातातली हवीत. या ताईंसाठी: दिवाळीपर्यंत गिऱ्हाइकांतली बिलं गेल्या दिवाळीपेक्षा शंभरामागे तीनने वाढवायची. फॉल-पिकोची अदलाबदल महिन्याला सहावरून दोनवर आणायची. नव्या चिठ्ठ्या छापून देणं मालकांकडे. तिसरं मला सर्वांत आवडतं: पैठणी ओळखायला शिकायचं. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या पदरामागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. मार्गशीर्षात दहा साड्या पुढ्यात ठेवायच्या आणि ताईंनी वेगळ्या करून कारण सांगायचं. जमलं तर काउंटर बदलेल आणि ५०० रुपये आणखी मिळतील, हे आजच लिहून ठेवायचं.

लिहायचं म्हणजे अर्धं पान, मराठीत, दोन प्रती, दोघांच्या सह्या. त्यावर नवा पगार, तो कुठल्या महिन्यापासून, तीन उद्दिष्टं आणि पुन्हा भेटायची तारीख. घेतलेली उचल असेल तर तिचा हप्ता वेगळा लिहावा. वाढलेले १,८०० परस्पर उचलीत वळते केले तर पाकीट तेवढंच राहतं आणि घरी सांगायला काही उरत नाही.

दिवाळीनंतर वही उघडल्यावर तीनऐवजी दोनचीच वाढ दिसली, तर? ५२० गिऱ्हाइकांत एकाचा फरक म्हणजे जेमतेम पाच बिलं. तेवढ्यावरून नापास ठरवू नये. शेजारच्या काउंटरचा आकडा पाहावा. तोही घसरला असेल तर यंदाचा माल किंवा किंमत चुकली आहे, आणि तो प्रश्न खरेदीला सुरतेला जाणाऱ्याला विचारायचा.