रात्री वॉर्डात किती नर्सेस असतात?

माझी भाची जीएनएम झाली, कौन्सिलकडे तिची नोंदणी झाली आणि पंधरा दिवसांत तिला पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलचं बोलावणं आलं. पगार बरा, राहायला हॉस्टेल. फोनवर ती म्हणाली, "मावशी, तिथं वन इज टू थ्री रेशो आहे, एचआरच्या मॅडमनीच सांगितलं." सव्वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर हा आकडा ऐकला की मी एकच विचारते, तीन पेशंटमागे एक नर्स म्हणजे नक्की केव्हा?

आपणही नर्सिंगची नोकरी शोधत असाल, किंवा घरातलं कोणी शोधत असेल, तर पाहणीची सुरुवात याच प्रश्नापासून करा. पाळ्या कशा लागणार, बाँड किती कडक असणार, शिकायला वेळ मिळणार का, यातलं बरंचसं या एका उत्तरातून कळतं.

आधी हा रेशो, म्हणजे नर्स आणि रुग्ण यांचं प्रमाण, नीट समजून घेऊ. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत, जिथे वैद्यकीय शिक्षण चालतं अशा रुग्णालयांच्या वॉर्डासाठी 1:3 हा आकडा आहे. पण त्याच्या शेजारीच त्याचा अर्थही दिलेला आहे: प्रत्येक पाळीला 1:9. शिवाय रजा आणि आजारपणासाठी 30 टक्के जास्त नर्सेस ठेवायच्या. म्हणजे 1:3 हे एकूण खाटा आणि पगारपत्रकावरच्या एकूण नर्सेस यांचं प्रमाण झालं. ड्युटीवर उभ्या असलेल्या एका नर्सकडे तीनच पेशंट असतील, असं त्यातून निघत नाही.

भाचीला देणार होते त्या वॉर्डात 30 खाटा होत्या आणि नर्सेस 10, म्हणजे 1:3 हे खोटं नव्हतं. पण निकषातले 30 टक्के धरले तर तिथे 13 जणी हव्या होत्या. हिशेब पहिल्यांदा चुकतो तो इथेच, कारण राखीव नर्सेसबद्दल कोणी आपणहून बोलत नाही.

आता त्या दहा जणी आठवड्यावर पसरून पाहू. त्यातली एक इन्चार्ज सिस्टर. ती सकाळी राऊंड, औषधांचा साठा आणि कागदपत्रं बघते. तिला पेशंट वाटून दिलेले नसतात. राहिल्या नऊ. आठवड्याची एक सुट्टी सोडून प्रत्येकीच्या सहा ड्युट्या, म्हणजे एकूण 54. आठवड्यात पाळ्या 21. सकाळी कामाचा रेटा जास्त म्हणून तिथे तीन जणी ठेवल्या, दुपारी दोन आणि रात्री दोन, तर दिवसाला सात आणि आठवड्याला 49 ड्युट्या लागतात. हातात उरतात पाच.

त्या पाचांत सगळ्यांचं सगळं बसवायचं: कोणाचा ताप, कोणाच्या भावाचं लग्न, कोणाचं बाळंतपण, शिवाय रात्रपाळीनंतरचा जादा ऑफ. एकीने आठवडाभर रजा घेतली की सहा ड्युट्या गेल्या, म्हणजे आठवडा तुटीत. काहीही बिघडलेलं नसतानाही रात्री 30 पेशंटना दोन नर्सेस. त्यातली एक आयसीयूत कमी पडतेय म्हणून तिकडे पाठवली की वॉर्ड एकटीवर येतो.

हा हिशेब आपण कुठल्याही हॉस्पिटलसाठी करू शकता. त्यासाठी तीन गोष्टी विचारा: मला देणार त्या वॉर्डात खाटा किती, त्या वॉर्डाच्या नावावर नोंदणीकृत स्टाफ नर्सेस किती, आणि काल रात्री ड्युटीवर कोण कोण होतं. दुसऱ्या प्रश्नातला "नोंदणीकृत" हा शब्द सोडू नका. ट्रेनी, निकालाची वाट पाहणाऱ्या मुली, कधीकधी वॉर्डातल्या मावशीसुद्धा "स्टाफ" या शब्दात मोजल्या जातात. त्या कामाच्या असतात, पण इंजेक्शनची आणि रक्त चढवण्याची जबाबदारी सही करणाऱ्या नर्सवरच येते.

आयसीयूचा निकष वेगळा आहे. तिथे व्हेंटिलेटरवरचे, म्हणजे यंत्राने श्वास दिला जाणारे, पेशंट एका नर्सकडे किती असतात हे स्वतंत्र विचारा. "दोन, कधीकधी तीन" असं उत्तर आलं तर नवख्या नर्सने तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढची पायरी म्हणजे वॉर्ड डोळ्यांनी पाहणं. मुलाखत बहुतेक सकाळी अकराला असते, तेव्हा सगळी माणसं हजर असतात. जमलं तर मेट्रनची परवानगी घेऊन रात्री आठला, हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे एक पाळी दुसरीला पेशंट सोपवते तेव्हा जा. आपल्याला बघायचंय ते एवढंच: दोघी पेशंटच्या खाटेपाशी उभ्या राहून सलाईन, ड्रेन, राहिलेली औषधं दाखवत देवाणघेवाण करतात, की काउंटरवर फाइलींचा गठ्ठा सरकवून एक जण पर्स उचलते. माणसं पुरेशी असली की हँडओव्हरला वेळ मिळतो. आणि साडेनऊ वाजले तरी संध्याकाळची सिस्टर नोट्स लिहीत बसलेली दिसली, तर ती पाळी रोजच लांबत असणार.

काउंटरमागच्या भिंतीवर ड्युटी रोस्टर लावलेलं असतं. त्यावर खाडाखोड किती आहे ते बघा. पांढऱ्या शाईवर पुन्हा पेनाने लिहिलेल्या नाइट्स, एकाच नावासमोर दुपार आणि लगेच रात्र, ऑफच्या चौकोनात घुसवलेली ड्युटी. महिनाभराचं रोस्टर असं भरलेलं असेल, तर तिथे सुट्टी शेवटच्या घटकेला रद्द होते असं समजा.

आता पाळ्यांचे नियम. आपल्याकडे अनेक खासगी हॉस्पिटलांत सकाळ आणि दुपार सहा-सहा तासांची आणि रात्र बारा तासांची असते. दिवसाच्या पाळ्या त्यामुळे सोप्या वाटतात, पण रात्री मोजा. बारा तासांच्या चार नाइट्स लागोपाठ केल्या की 48 तास भरले. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात "आस्थापना" या शब्दात हॉस्पिटलही येतं, आणि त्यात आठवड्याची मर्यादा 48 तासांचीच आहे. जादा कामाला दुप्पट दराने मोबदला द्यायचा असतो. सहा नाइट्स सलग म्हणजे 72 तास.

म्हणून विचारा: सलग किती नाइट्स लागतात, त्यानंतर ऑफ किती, आणि तो नाईट ऑफ आठवड्याच्या सुट्टीतच धरतात का? सकाळी आठला सुटून त्याच दिवसाला "ऑफ" म्हणणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. तो दिवस आपण झोपेत घालवता. त्याला सुट्टी म्हणता येत नाही. डबल ड्युटीचे पैसे मिळतात की "नंतर ऑफ देऊ" असं सांगतात, हे तिथल्याच एखाद्या स्टाफ सिस्टरला कॅन्टीनमध्ये विचारा. एचआरपेक्षा तिचं उत्तर खरं असतं.

मग येतो बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही आणि सोडलीच तर अमुक रक्कम भरीन, असा लेखी करार. ज्या वॉर्डात माणसं टिकत नाहीत तिथे बाँड लांब असतो, असं मी पाहत आले आहे. भाचीच्या कागदावर दोन वर्षं आणि एक लाख रुपये होते. ती घाबरली होती. उलट तिच्या काही मैत्रिणी बिनधास्त होत्या, "असले बाँड कोर्टात टिकत नाहीत" म्हणून. दोन्ही बरोबर नाही.

मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. म्हणजे नोकरीच्या किमान मुदतीची अट आपोआप रद्द होत नाही. पण भारतीय करार कायद्याच्या कलम 74नुसार करार मोडल्यावर मिळते ती वाजवी भरपाई. कागदावरची रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. ती पूर्ण मिळेलच असं नाही. त्याच कायद्याच्या कलम 27मुळे "नोकरी सोडल्यावर या शहरात दुसऱ्या हॉस्पिटलात काम करायचं नाही" असली अट टिकत नाही.

तेव्हा बाँड आहे की नाही यावर अडू नका, आत काय लिहिलंय ते वाचा. रक्कम महिन्यागणिक कमी होते का? एक लाख 24 महिन्यांवर वाटले असतील, तर 18 महिने काम करून निघणारीला 25 हजार भरावे लागतात. वाटले नसतील तर तेविसाव्या महिन्यातही पूर्ण लाख. मुदत कधीपासून मोजायची, रुजू झाल्यापासून की प्रोबेशन संपल्यावर? हॉस्पिटलने स्वतःहून काढलं तरी पैसे मागणार का? पगार दोन महिने थकला तर बाँड सुटतो का? भाचीच्या करारात यातलं एकही वाक्य नव्हतं. तिने विचारल्यावर महिन्यागणिक कपातीची ओळ पेनाने लिहून त्यावर सही-शिक्का मिळाला. विचारायला अर्धा तास लागला.

दोन गोष्टींना मात्र नाहीच म्हणा. एक, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं. तपासणीसाठी मूळ दाखवायची, छायांकित प्रती द्यायच्या आणि मूळ कागद घेऊन घरी यायचं. ज्यांचं नोंदणी प्रमाणपत्र कपाटात अडकलं आणि सरकारी भरतीची तारीख निघून गेली, अशा मुली मी पाहिल्या आहेत. दुसरी गोष्ट, सही केलेला कोरा चेक. बाँडचा वाद दिवाणी असतो, पण चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138खाली फौजदारी खटला मागे लागू शकतो.

राहता राहिलं प्रशिक्षण. बाँडची रक्कम "प्रशिक्षणाचा खर्च" म्हणून लावली असेल, तर ते प्रशिक्षण कोणतं हे लेखी मागा. खरं प्रशिक्षण ओळखायची खूण म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत आपलं नाव रोस्टरच्या मोजणीत नसतं. अनुभवी सिस्टर सोबत असते, आणि इन्सुलिन, रक्त चढवणं, क्रॅश कार्ट म्हणजे आणीबाणीच्या औषधांची ट्रॉली, हे एकेक तिच्यासमोर करून दाखवल्यावर ती सही करते. असे किती दिवस मिळतात ते विचारा. "दोन दिवस ओरिएंटेशन, मग ड्युटी" असं असेल तर शिकवणी पेशंटवरच होणार.

बीएलएस, म्हणजे हृदय बंद पडल्यावर द्यायच्या प्राथमिक उपचारांचा कोर्स, कोणाच्या पैशाने होतो? वर्ग ड्युटीच्या वेळेत असतात की ऑफच्या दिवशी बोलावतात? दहा जणींच्या त्या वॉर्डात आठवड्याच्या पाच शिल्लक ड्युट्यांतून वर्गाला कोणाला सोडणार, हे आता आपणच मोजू शकता.

भाचीने शेवटी ते हॉस्पिटल घेतलं नाही. दुसरीकडे पगार दोन हजारांनी कमी होता. 24 खाटांना 12 स्टाफ नर्सेस, बाँड एक वर्षाचा, आणि पहिले तीन आठवडे तिचं नाव रोस्टरच्या खाली, वेगळ्या ओळीत लिहिलेलं होतं.